शंभर किलोंखालचा फोम

ताईच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दाजींनी त्यावर आपले पळायचे बूट ठेवले. बूट धुतलेले होते म्हणून ताई काही बोलली नाही, स्वयंपाकघराच्या दारातून नुसती बघत राहिली. मी खाली वाकलो, डोळे टेबलाच्या पातळीला आणले आणि टाचेच्या बाजूने पाहिलं. दोन्ही बूट एकमेकांकडे झुकले होते, कानात काही सांगायला दोघं वाकावेत तसे. वरचं कापड जवळजवळ नवं, तळाच्या रबराची नक्षी शाबूत.

"चारच महिने झालेत," दाजी म्हणाले. "दुकानदार तर म्हणाला होता, आठशे किलोमीटर कुठं जात नाहीत."

त्यांच्या फोनमध्ये अंतराची नोंद होती: 310 किलोमीटर. तिसऱ्या किलोमीटरला डावा गुडघा आतल्या अंगाने दुखायला लागतो, ही तक्रार महिनाभरापासूनची. दाजी साताऱ्याचे, बँकेत आहेत, वय 46, उंची पाच फूट दहा इंच आणि वजन 102 किलो. आठवड्यातले चार दिवस पहाटे पळतात, एका किलोमीटरला साधारण आठ मिनिटं घेतात. माझंही वजन इतक्या वर्षांत नव्वदीच्या खाली कधी आलेलं नाही, त्यामुळे ‘बूट कोणता घ्यायचा’ हा प्रश्न आमच्या घरात माझ्याकडेच येतो. वजनदार माणूस बूट निवडताना जी चूक करतो ती मीही केली होती, आणि एकदा नव्हे, तीनदा.

ती चूक म्हणजे मऊपणा विकत घेणं. आपण जड आहोत, तेव्हा आपल्याला गुबगुबीत गादी हवी, असं आपणच ठरवतो. दुकानात अंगठ्याने तळ दाबून पाहतो, तो छान आत जातो, आणि आपण पैसे देऊन मोकळे होतो. दाजींनी नेमकं हेच केलं होतं.

आधी थोडा हिशेब पाहू. किलोमीटरला आठ मिनिटं आणि मिनिटाला 160 पावलं धरली, तर एका किलोमीटरला 1,280 पावलं पडतात, म्हणजे प्रत्येक बुटाच्या वाट्याला 640. एवढ्या 310 किलोमीटरांत दाजींच्या एकेका बुटाने जवळपास दोन लाख वेळा त्यांचा भार झेलला. पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि मग सगळं अंग एका पायावर येतं. त्या क्षणी जमिनीवर पडणारा जोर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो, वेगात पळणाऱ्याचा अडीचपट आणि त्याहीपुढे. आपण कमीत कमी, दुप्पटच धरू. सत्तर किलोंच्या माणसाचा बूट 140 किलो पेलतो, दाजींचा 204. फरक 64 किलोंचा, म्हणजे सिमेंटचं एक पोतं आणि वर चौदा किलो, आणि तेही दर पावलाला. त्यात सावकाश पळणाऱ्याची पावलं आखूड असतात, म्हणून तेवढ्याच अंतरात ती जास्तही पडतात.

बूट बनवणाऱ्याने हा फरक सहसा धरलेला नसतो. बहुतेक मॉडेलांत 7 नंबरच्या बुटात जो फोम भरलेला असतो, तोच 11 नंबरच्या बुटातही असतो. लांबी वाढते, कडकपणा तेवढाच राहतो. तेव्हा हा फरक आपला आपणच दुकानात भरून काढायचा असतो.

हा फोम म्हणजे काय, हे पाहायला बाथरूमच्या दाराशी पडलेली जुनी चप्पल पुरते. टाचेच्या जागी तिला खळगा पडलेला असतो आणि बाकीचा पट्टा होता तेवढाच जाड असतो. पळायच्या बुटात तळाचं रबर आणि पाय यांच्यामध्ये जो जाड थर असतो त्याला मिडसोल म्हणतात, आणि तो अनेक वर्षं मुख्यतः ईव्हीए नावाच्या फोमचाच होत आला आहे, म्हणजे आजच्या बऱ्याचशा हलक्या चपला ज्याच्या होतात त्याचाच. या फोममध्ये अतिसूक्ष्म, चहूबाजूंनी बंद बुडबुडे असतात. पाय पडला की त्यांच्या भिंती वाकतात आणि आतली हवा दबते. पाय उचलला की दोन्ही पूर्ववत होतात. पण लाखो वेळा वाकून भिंतींना चुण्या पडतात, कुठे तडा जातो, थोडी हवा निघून जाते आणि बुडबुडा कायमचा चपटा होतो. कापसाच्या गादीबद्दल आपण ‘गादी बसली’ म्हणतो ना, तसाच फोमही बसतो. फरक एवढाच, की फोम पिंजून परत भरता येत नाही.

वजनदार माणसाला हा फोम दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी दगा देतो, आणि त्या एकमेकांत मिसळू नयेत. पहिली तऱ्हा पहिल्याच दिवशी घडते. कोणताही फोम दाबला की आधी सहज आत जातो, पण ठरावीक मर्यादेपुढे त्यातली जागा संपते आणि तो झपाट्याने कडक होतो. फार मऊ फोम 102 किलोंखाली दर पावलाला त्या मर्यादेला टेकतो. दुकानात उभं राहून जो ढगासारखा वाटला, तोच रस्त्यावर दुसऱ्या किलोमीटरला फरशीसारखा लागतो. दुसरी तऱ्हा सावकाश घडते, ती म्हणजे वर सांगितलेलं बसणं. आणि रोज तळाला टेकणारा फोम लवकर बसतो. म्हणजे मऊ बूट जड माणसाला आज कमी आधार देतो आणि उद्या त्याहून कमी.

याबाबत लक्झेंबर्गच्या संशोधकांनी केलेली एक पाहणी मला फार उपयोगी वाटते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 848 हौशी धावपटूंना दिसायला सारखेच बूट दिले होते. निम्म्यांचा तळ मऊ, निम्म्यांचा कडक, आणि कोणाला कोणता मिळाला हे त्यांना माहीत नव्हतं. सहा महिन्यांत कडक बूटवाल्यांना दुखापती जास्त झाल्या. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणेच. पण वजनानुसार दोन गट पाडले, तेव्हा हा फरक ठळकपणे दिसला तो हलक्या माणसांत. वजनदार गटात मऊ आणि कडक यांत खात्रीने सांगता येईल असा फरक निघाला नाही. सामान्य समजाच्या अगदी उलट! अर्थात पुरुषांतला ‘वजनदार’ गट तिथे 78 किलोंच्या आसपास सुरू होत होता, शंभर किलोंच्या माणसाला तो निष्कर्ष जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. पण ‘जेवढं वजन जास्त तेवढा बूट मऊ’ या ठोकताळ्याला त्यातून आधार मिळत नाही, एवढं नक्की.

दुकानातला मऊपणा आणखी एका कारणाने फसवा असतो. 1985 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात बुटांना यंत्राखाली ठोकून त्यांची धक्का सोसायची ताकद मोजली होती. पहिल्या 80 किलोमीटरांएवढ्या वापरातच सुमारे पाव ताकद गेली. पुढचा ऱ्हास मात्र सावकाश होत गेला, आणि 400 ते 800 किलोमीटरांच्या टप्प्यात मूळच्या 60 टक्क्यांहून थोडी कमी उरली. खऱ्या माणसांनी पळून वापरलेल्या बुटांत ऱ्हास याहून कमी होता, 800 किलोमीटरांनंतरही साधारण 70 टक्के ताकद टिकून होती. तेव्हाचे फोम आणि आजचे फोम यांत पुष्कळ फरक आहे, तरी घसरणीची तऱ्हा ध्यानात ठेवण्यासारखी आहे: आधी भरभर, मग हळूहळू. म्हणजे दुकानात पायात चढवलेला बूट तुम्हाला जेमतेम पहिले दोन-तीन आठवडे मिळतो. उरलेले सगळे महिने तुम्ही त्याच्या थोड्या कडक, थोड्या बुटक्या भावंडावर पळता. म्हणून दुकानात बूट किंचित कडक वाटला तर मी नाराज होत नाही.

मग घ्यावा कोणता फोम? नावांच्या जंजाळात शिरायची गरज नाही, कारण प्रत्येक कंपनी आपल्या फोमला वेगळं नाव देते. मोटामोटी तीन घराणी ओळखता आली तरी पुरे. एक साधा ईव्हीए किंवा त्यात रबर वगैरे मिसळलेला फोम. मध्यम कडक असेल तर तो जड माणसाला पुष्कळ साथ देतो. दुसरा टीपीयूच्या दाण्यांचा, थर्माकोलसारखे दाणे बाजूने स्पष्ट दिसतात. 2013 साली आदिदासने बूस्ट या नावाने तो आणला. वजनाला जड, पण बसायला चिवट. तिसरा पेबा, शर्यतीच्या महागड्या बुटांतला. अत्यंत हलका आणि उसळता, पण बहुधा मऊ. रोजच्या पळण्यासाठी शंभर किलोंच्या माणसाने पंचवीस हजार घालून तो घ्यावा असं मला वाटत नाही. एक सोपी खूण म्हणजे बुटाचं वजन. माझा अनुभव असा, की 9-10 नंबरचा टिकाऊ, जाड तळाचा बूट 280 ते 320 ग्रॅमांच्या घरात जातो. तेवढ्याच उंचीचा बूट 220 ग्रॅमांत मिळत असेल, तर तो हलकेपणा फोम विरळ करून किंवा तळाचं रबर काढून आणलेला असतो. हलका बूट पायांचे कष्ट थोडे वाचवतो हे खरं, पण किलोमीटरला आठ मिनिटांच्या चालीत त्या ऐंशी ग्रॅमांनी काही बिघडत नाही.

आता दाजींचे बूट आत का झुकले होते त्याकडे येतो. तिथे फोमपेक्षा रुंदीचा मुद्दा मोठा आहे. अलीकडच्या बुटांचे तळ उंच झाले आहेत. टाचेखाली 35 ते 40 मिलिमीटर थर आता सर्रास असतो. उंची वाईट नाही, जड माणसाला दबायला तेवढी जागा लागतेच. पण पाटावर बसलेला माणूस डुलत नाही आणि उंच स्टुलावरचा डुलतो. स्टूल उंच केलं की त्याचे पाय फाकवावे लागतात. बुटाचंही तेच. उंच, मऊ आणि अरुंद तळावर पाय पडला, की ज्या बाजूला भार जास्त ती बाजू जास्त दबते, दबल्यामुळे पाय आणखी तिकडे कलतो आणि त्या बाजूवर आणखी भार येतो. दाजींचा पाय उतरताना मुळातच थोडा आत वळतो, जसा बहुतेकांचा वळतो. दोन लाख पावलांनी आतल्या बाजूचा फोम बाहेरच्यापेक्षा जास्त बसवला आणि बूट कायमचा वाकडा झाला. मग तो वाकडा बूट पायाला रोज आत ढकलू लागला.

तळाची रुंदी बुटावर छापलेली नसते, ती मोजावी लागते. बूट कोऱ्या कागदावर ठेवायचा, पेन सरळ उभं धरून तळाभोवती रेघ मारायची आणि मोजपट्टीने तीन ठिकाणी आडवं माप घ्यायचं: टाच, मधली कंबर आणि चवडा. दाजींच्या जुन्या बुटाची मापं आली 83, 61 आणि 109 मिलिमीटर. त्यांच्या नंबरला टाच 90 च्या वर, चवडा 115 च्या वर आणि कंबर 75 हून कमी नको, असा माझा स्वतःचा ठोकताळा आहे. तो कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही, आमच्या घरातल्या फाटलेल्या आणि टिकलेल्या बुटांवरून आला आहे. टाच आणि चवडा दुकानात सगळेच बघतात. कंबरेकडे कोणी बघत नाही, आणि जड माणसाचा बूट बहुतेकदा तिथेच ढेपाळतो. रुंदीतही अतिरेक नको. टाचेची बाहेरची कड फारच पसरट असेल, तर टाच टेकताक्षणी ती तरफेसारखी काम करते आणि पाय झटकन आत आपटते. ती कड मागून तिरपी छाटलेली असलेली बरी. शिवाय फोमच्या कडा वर येऊन पाय वाटीत बसल्यासारखा आत बसत असेल, तर तोही आधारच आहे.

इथे विक्रेते हटकून ओल्या पावलाचा ठसा काढायला सांगतात, किंवा ट्रेडमिलवर पळवून ‘सर, तुमचं प्रोनेशन आहे’ म्हणतात. ठशावरून पायाची कमान पाहून बूट ठरवायची ही पद्धत अमेरिकेच्या भूदलात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्या भरतीवर तपासून पाहिली गेली, 2010 च्या आसपास. पावलाच्या आकारानुसार बूट दिलेल्यांच्या आणि सरसकट एकच बूट दिलेल्यांच्या दुखापतींत फरक पडला नाही. तेव्हा त्या ठशापायी जीव टांगणीला लावू नये. आतल्या बाजूला जास्त कडक फोम घातलेला बूट मात्र वजनदार माणसाने पायात घालून पाहायला हरकत नाही. पाय सुधारण्यासाठी नव्हे, तर ती बाजू उशिरा बसते म्हणून.

एका रविवारी दाजींना घेऊन पुण्यात गेलो. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि पळताना आणखी सुजतात. पळायचे मोजे, जुने बूट, कोरे कागद आणि मोजपट्टी अशी सगळी सामग्री पिशवीत. पिशवीतून मोजपट्टी निघाली तेव्हा दुकानातल्या मुलाने मालकाकडे पाहिलं.

त्याने पहिला जोड आणला. "सर, हा घाला. ढगावर चालल्यासारखं वाटेल." वाटलंही. टाचेखाली 39 मिलिमीटर फोम, पण कागदावर टाच 84 आणि कंबर 62. मी दाजींना एका पायावर उभं राहून, गुडघा थोडा वाकवून पाच वेळा सावकाश खाली-वर व्हायला सांगितलं, आणि मागे उकिडवा बसून टाचेकडे बघितलं. तिसऱ्या वेळेला आतल्या बाजूच्या फोमवर आडव्या वळकट्या उठल्या आणि टाचेमागची पट्टी स्पष्ट आत कलली. अजून एक पाऊलही पळालेले नव्हते ते!

दुसरा जोड 330 ग्रॅमांचा, आतून कडक, तळ भरपूर रुंद. कसोटीत हललाही नाही. पण आतला सुकतळा काढून जमिनीवर ठेवला आणि दाजींना त्यावर उभं केलं, तर करंगळी चार मिलिमीटर बाहेर. ही सुकतळ्याची युक्ती फार सोपी आहे आणि कुठलाही दुकानदार तिला नाही म्हणत नाही. पाऊल त्याच्या कडेबाहेर सांडत असेल, तर बुटात ते कापडाला रेटत राहणार, कापड फाटणार किंवा नख काळं पडणार. दुकानातल्या मुलाने तत्काळ एक नंबर मोठा आणला. हा नेहमीचा चुकीचा उपाय. नंबर वाढवला की मुख्यतः लांबी वाढते, रुंदी किंचितच. बूट वाकण्याची जागा चवड्याच्या पुढे सरकते आणि टाच आत घसरायला लागते. हवी असते ती रुंद बांधणी. पुरुषांच्या बुटांत नेहमीची रुंदी ‘डी’, त्यापुढे ‘टू-ई’ आणि ‘फोर-ई’. बायकांच्या बुटांत नेहमीची ‘बी’ आणि रुंद ‘डी’. असिक्स, न्यू बॅलन्स, ब्रुक्स यांच्या काही मॉडेलांत अशा रुंद्या येतात, पण दुकानात त्या मांडून ठेवलेल्या क्वचित दिसतात. मागावं लागतं.

मागितल्यावर आतल्या खोलीतून तिसरा जोड आला. टू-ई, गेल्या वर्षीचं मॉडेल, रंग असा की त्यामुळेच तो पडून राहिला असावा. टाचेखाली 36 मिलिमीटर, कागदावर टाच 94, कंबर 80, चवडा 119, वजन 305 ग्रॅम. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक 10 मिलिमीटर, जुन्या बुटाएवढाच. हे मी जाणूनबुजून पाहिलं, कारण हा फरक एकदम 4 वर आणला तर टाचेच्या शिरेवर आणि पोटरीवर ताण वाढतो, आणि जड माणसाला ते दुखणं महिनोन्महिने पुरतं. एका पायावरच्या कसोटीत दोन्ही बाजूंना सारख्या बारीक वळकट्या पडल्या. जिभेखालच्या लेबलवर बनावटीची तारीख होती, चौदा महिन्यांपूर्वीची. चालण्यासारखी. त्याहून फार जुना माल मी घेत नाही, कारण आपल्या दमट हवेत गोंद कपाटातच म्हातारा होतो आणि मग तळ एक दिवस अखंडच निघून येतो.

"जरा कडक लागतोय, पाव्हणं," दाजी म्हणाले. मी म्हटलं, लागू दे. किंमत 12,999 ऐवजी 8,499 पडली.

घरी आल्यावर सुकतळ्याच्या उलट बाजूला बॉलपेनने तारीख लिहिली आणि टाचेपाशी फोमच्या भिंतीची उंची आतून आणि बाहेरून मोजली. दोन्हीकडे 41. स्ट्रावासारख्या अॅपमध्ये बुटांच्या जोडीचे किलोमीटर आपोआप मोजायची सोय असते, ती चालू केली. बूट कधी बदलायचा हे महिन्यांवरून ठरवण्यात अर्थ नाही. आठवड्याला आठ किलोमीटर पळणारा आणि तीस पळणारा यांचे सहा महिने सारखे नसतात. किलोमीटरांचा सर्वसाधारण आकडा 500 ते 800 सांगतात, पण तो मधल्या वजनाच्या माणसाचा. नव्वदीच्या पुढच्याने 300 पासून लक्ष ठेवायला लागावं आणि 400 ते 550 च्या दरम्यान कधीतरी निरोप द्यायची तयारी ठेवावी, असा माझा अनुभव.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय? दर शंभर किलोमीटरला दाजी बूट टेबलावर (ताईच्या नव्हे, ओसरीवरच्या) ठेवून मागून बघत आणि भिंत मोजत. तीनशेला आत 39, बाहेर 40 भरली. साडेचारशेला आत 38, बाहेर साडेएकोणचाळीस. कडेची उंची म्हणजे सगळा फोम नव्हे, पायाखालचा मधला भाग त्याहून जास्त बसलेला असतो आणि तो मोजता येत नाही. पण दोन बाजूंतला फरक वाढतोय का, एवढं त्यावरून समजतं. वळकट्यांचंही तसंच. पळून आल्यावर त्या दिसणारच. रात्रभर विसावा मिळूनही सकाळी त्या तशाच दिसल्या, तर फोम उठायचं विसरला आहे. तळाच्या रबराच्या भरवशावर मात्र राहू नये. रबर झिजून फोम दिसायला लागला तर बूट संपला हे खरं, पण रबर शाबूत म्हणजे बूट शाबूत असं नव्हे. दाजींचा पहिला जोड याचाच पुरावा होता.

सगळ्यांत खरी तुलना एक बूट नवा आणि एक जुना घालून होते. म्हणून तीनशे किलोमीटर झाल्यावर दुसरा जोड घेऊन ठेवावा आणि दोन्ही आलटून पालटून वापरावेत. फोमला दोन पळण्यांमध्ये जास्त वेळ मिळतो, पावसाळ्यात भिजलेला जोड पूर्ण वाळतो, आणि जुना कधी मेला ते पायाला आपोआप कळतं. लक्झेंबर्गच्याच संशोधकांनी 264 धावपटूंच्या पाहणीत पाहिलं, की एकाहून जास्त जोड फिरते ठेवणाऱ्यांत दुखापतीचा धोका 39 टक्के कमी होता. ती नुसती पाहणी होती, तेव्हा सगळं श्रेय बुटांना देता येत नाही. फिरते जोड ठेवणारा माणूस इतरही बाबतीत काळजी घेणारा असू शकतो.

भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवावेत. उन्हात, गिझरवर किंवा वॉशिंग मशीनमध्ये नको. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. उष्णतेने गोंद सुटतो आणि फोम आणखी नरम पडतो.

दाजींचा तो तिसऱ्या पसंतीच्या रंगाचा जोड 540 किलोमीटर चालला. पाचशेच्या पुढे नडग्या दुसऱ्या दिवशीही जड राहू लागल्या, आणि नव्या जोडात पळालं की राहत नव्हत्या. तेव्हा त्याला रजा दिली. हिशेब केला तर पहिला 6,500 चा मऊ जोड किलोमीटरला 21 रुपयांना पडला होता, हा पावणेसोळाला. गुडघा कशाने थांबला हे मी ठामपणे सांगणार नाही. जुना जोड संपत आला त्याच महिन्यात दाजींनी आठवड्याचं अंतर एकदम बारावरून बावीसवर नेलं होतं आणि यवतेश्वराच्या घाटातून उतरायलाही सुरुवात केली होती. उतारावर दर पावलाला ब्रेक लागतो, तो कुठला बूट वाचवणार? आम्ही बूट बदलले, दोन महिने घाट बंद ठेवला आणि अंतर पुन्हा बारावरून हळूहळू वाढवलं. दुखणं गेलं. तरीही राहिलं असतं, तर पुढची पायरी दुकानाची नव्हती, हाडांच्या डॉक्टरांची होती.

निवृत्त जोड दाजी आता भाजी आणायला घालतात. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, जोर निम्म्याच्या आसपास येतो, तेवढ्याला तो बसलेला फोमही चालतो. तिसरा जोड कपाटात तारीख घालून तयार आहे. तक्रार फक्त ताईची आहे: तिच्या शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी गेल्या दिवाळीपासून बुटांच्या कपाटात राहते.